बंद होणारे उधारीचे ॲप आणि १४ केबीची फाइल

माझे एकूण ४७,६८० रुपये गेले: ‘डेटा स्थलांतर शुल्क’ म्हणून १,१८० आणि खात्यातून परस्पर ४६,५००. वऱ्हाडातल्या एका खेड्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. शेतकरी पऱ्हाटीचे बियाणे उधार नेतात आणि कापसाचे चुकारे झाले की फेडतात. ही २१२ खाती मी तीन वर्षे मोबाइलच्या एका ॲपमध्ये लिहीत होतो. सेवा ३१ ऑक्टोबरला बंद होऊन खाती पुसली जातील, तोवर ‘सेटिंग्ज’मधून नोंदी विनामूल्य उतरवून घ्याव्यात, अशी सूचना ॲपमध्येच महिनाभर आधी आली होती. ती मी वाचली होती, हे लिहिताना मान खाली जाते.

सोयाबीनच्या हंगामात ते काम राहून गेले आणि ३० तारखेला संध्याकाळी ‘नोंदी हलवून देतो’ असा फोन आला. बोलणाऱ्याला ॲपचे नाव आणि तारीख ठाऊक होती, म्हणून मी विश्वास ठेवला. वास्तविक ती सूचना सर्वांनाच दिसत होती. त्याने व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल पाठवली. ती बसवताना फोनने धोक्याचा इशारा दिला, मग तिने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. उधारीची वही हलवायला माझे एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मी परवानगी दिली. हजार रुपये आणि १८ टक्के जीएसटी हा हिशेब पटल्यामुळे डेबिट कार्डाचा तपशीलही तिथेच भरला. कार्ड आणि ओटीपी असे दोन्ही त्याच्या हाती गेले.

काम झाल्याचा पुरावा म्हणून त्याने १४ केबीची झिप फाइल पाठवली. बिलाचा एक फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो! मी ती उघडलीच नाही. २ नोव्हेंबरला सकाळी खात्यातली शिल्लक पाहून घाबरलो आणि फाइल उघडली, तेव्हा आत मथळ्यांची एक ओळ आणि खाली रिकामा तक्ता होता. ॲपमधले खाते तोवर पुसले गेले होते. तुमची फाइल मुदतीच्या आत संगणकावर उघडा, खात्यांची संख्या आणि एकूण येणे ॲपशी ताडून पाहा, आणि पीडीएफबरोबर सीएसव्ही ही तक्त्याची साधी फाइलही घ्या, कारण नव्या ॲपमध्ये सहसा पीडीएफ चढत नाही.

मी सकाळी ११ वाजता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि लगेच बँकेत जाऊन लेखी अर्ज दिला. तरीही कार्ड संध्याकाळपर्यंत सुरूच राहिले आणि ४६,५०० पैकी ९,५०० दुपारी गेले. ‘परवानगी तुम्हीच दिली’ असे अधिकारी सांगतात. आधीच्या ३७,००० पुरते ते मी ऐकून घेतो; परंतु कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. ते दाखवल्यावर ‘वर पाठवतो’ एवढेच उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यातून मला जिल्ह्याला पाठवले, जिल्ह्याहून पुन्हा ठाण्यात, आणि प्रत्येक वेळी तोच जबाब नव्याने लिहून घेतला. अर्जाच्या प्रतीवर पोच आणि वेळ लिहून घेतली होती, म्हणून ९,५०० वर निदान भांडता तरी येते.

बहुतेक शेतकऱ्यांनी आपली बाकी स्वतःहून सांगितली. ३८ खात्यांचा आकडा मात्र मलाही आठवत नाही आणि त्यांनाही.