माळ्यावरच्या वायरिंगला जीआय पाईप: एक पावसाळा काढल्यावर

मंगळवार पेठेतलं आमचं घर कौलारू, माळ्यावर शेंगांची पोती आणि जुनी लाकडी पट्टीतली वायरिंग. म्हणजे उंदरांची सोयच. गेल्या वर्षी पावसात करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी सारखा पडायचा, ऊन पडलं की गुमान चालायचा. पहिल्या वायरमननं आरसीसीबीच खराब ठरवून बदलला. नवाही पडू लागला.

दुसऱ्यानं इन्सुलेशन मोजायचा मेगर आणला. मेन बंद, बल्ब काढलेले, प्लग उपसलेले, बटणं सगळी चालू. मग 500 व्होल्टवर प्रत्येक सर्किट अर्थिंगशी तपासलं. बाकीची शंभर मेगओहमच्या वर, माळ्याचं 0.2. किमान एक तरी हवं. त्यात हे कोरड्या दिवसाचं माप. 30 मिलिअँपियर गळायला रेझिस्टन्स आठेक हजार ओहमपर्यंत उतरला की पुरे, आणि ओलीत तो तिथवर घसरत होता.

मधला जंक्शन बॉक्स सोडून अर्धं अर्धं सर्किट तपासत तुळईपाशी पोचलो. स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली तर पट्टी पोकळ वाजली. वरची फळी उचलली तर आत वाळवीची माती, बोटाला दमट लागणारी. वाळवीला तांब्याशी देणंघेणं नाही, ती लाकूड खाते. पण ती ओली माती उघड्या तारेपासून भिंतीपर्यंत करंट नेते. तार उघडी केली होती उंदरानं: इन्सुलेशनवर शेजारीशेजारी दोन दातांच्या खाचा, खाली चकाकणारं तांबं. तांबं काळवंडलेलं असतं तर जखम जुनी म्हटली असती. लेंड्याही ताज्या होत्या.

टेप गुंडाळायला मी साफ नकार दिला. दमट लाकडात टेप सुटते, आणि उंदीर पुन्हा तिथंच येतो. बॉक्स ते बॉक्स अख्खी वायर बदलली, मधे एकही जोड नाही. पट्टी काढून जीआय पाईप घातला, तुळईला वाळवीचं औषध मारलं.

आता अनुभव. या पावसाळ्यात आरसीसीबी एकदाही पडला नाही, पाईपवर दाताचा ओरखडा नाही. पण पाईप धातूचा, त्याला अर्थिंग हवंच. नाहीतर आत वायर सोलली तर अख्खा पाईप जिवंत होतो. कापलेल्या तोंडाला बुश नसेल तर ती धारच वायर सोलते. आमच्याकडे दोन तोंडं तशीच राहिली होती, मी मागे लागून बसवून घेतली. बोर्डाजवळ वळणाला वायरमननं प्लॅस्टिकचा फ्लेक्सिबल वापरला, तो श्रावणात कुरतडलेला सापडला. आता तिथं स्टीलचा आहे आणि भिंतीतलं भोक जाळी कोंबून सिमेंटनं बुजवलंय.

उंदीर पळवणारा स्प्रे? पहिले काही दिवस माळ्यावर मलाच जाववेना, नंतर उंदीर परत आले. शेंगा पत्र्याच्या डब्यात गेल्यावर मात्र खुडबूड बरीच कमी झाली.