डेट-इक्विटी की इंटरेस्ट कव्हरेज: सांगलीतल्या दोन कर्ज-अर्जांची तुलना

कर्जाचा अर्ज करण्याआधी कोणता रेशो सुधारायचा, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. डेट-इक्विटी, म्हणजे कर्ज स्वतःच्या भांडवलाच्या किती पट, की इंटरेस्ट कव्हरेज, म्हणजे नफा व्याजाच्या किती पट? ते धंद्यावर अवलंबून आहे. त्यासाठी दोन प्रातिनिधिक ताळेबंद शेजारी ठेवू. एक हळद साठवून पावडर करणाऱ्याचा, दुसरा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्याचा. दोघांवर दीड कोटी कर्ज, व्याज वर्षाला १८ लाख.

हळदवाल्याचं स्वतःचं भांडवल ५० लाख, म्हणजे डेट-इक्विटी ३. व्याज आणि कर देण्याआधीचा नफा ५४ लाख, म्हणून कव्हरेजही ३. स्टोरेजवाल्याचं भांडवल दीड कोटी, डेट-इक्विटी फक्त १. पण घसारा वजा करून नफा साडेबावीस लाख, कव्हरेज सव्वा.

पहिल्या नजरेत स्टोरेजवाला भक्कम वाटतो. बँक मात्र दोन्ही आकड्यांना वेगवेगळे प्रश्न विचारते. डेट-इक्विटीला विचारते, नुकसान झालं तर ते आधी कुणाच्या पैशातून जाईल? हळदवाल्याच्या गोदामात १ कोटी ६० लाखांचा माल आहे. भाव ३० टक्के पडला की ४८ लाख गेले, भांडवल जवळजवळ संपलं. त्याचं चांगलं कव्हरेज इथे कामाला येत नाही, कारण ते गेल्या वर्षीच्या भावावर निघालेलं असतं.

यावर उपाय आहे. त्या दीड कोटीत २५ लाख घरच्यांचे असतील, तर बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ते काढणार नाही असं लेखी द्यावं. बरेच अधिकारी ती रक्कम भांडवलात धरतात. मग कर्ज सव्वा कोटी, भांडवल ७५ लाख, रेशो १.६७. आणखी एक, ३१ मार्चला हळदीचा हंगाम ऐन भरात असतो आणि कॅश क्रेडिट भरून वाहत असतं. म्हणून सप्टेंबरचे आकडेही सोबत जोडा.

कव्हरेजला बँक विचारते, कमाई घटली तरी व्याज भागेल का? इथे स्टोरेजवाल्याचं दुखणं अवघड आहे. माल शेतकऱ्यांचा, त्यामुळे भावाची झळ थेट त्याला नाही. पण भाडं कमी आलं आणि नफा पाचव्या हिश्शाने घटला, तर तो १८ लाखांवर येतो. सगळा व्याजातच जातो. तो म्हणेल, घसारा १५ लाख आहे, तो काही खिशातून जात नाही. खरं आहे, तो मिळवला तर साडेसदतीस लाख होतात आणि कव्हरेज दोनच्या वर जातं. पण व्याज देऊन उरतात साडेएकोणीस लाख आणि मुद्दलाचे हप्ते २० लाखांचे. कव्हरेजमध्ये मुद्दल मोजलंच जात नाही, म्हणून अधिकारी हा हिशेब वेगळा करतो.

जमिनीचं मूल्यांकन वाढवून आणण्याचा सल्ला त्याला मिळेल. तो खर्च करू नये. पुनर्मूल्यांकनातून फुगलेली रक्कम बँक भांडवलातून सहसा वगळते आणि कव्हरेज तर तिने हलतही नाही. मुदत वाढवून मागितली तर हप्ता हलका होतो, पण एकूण व्याज वाढतं. मी त्याला नव्या चेंबरचं कर्ज यंदा घेऊ देणार नाही. आहेत ते चेंबर बेदाण्याचा माल उठल्यावर किती महिने रिकामे राहतात, ती नोंदवही आधी पाहीन.