पशुवैद्यकाची प्रोफाइल: काही महिन्यांच्या वापरानंतर

गोठ्यात मुऱ्हा म्हशी, दोन संकरित गाई आणि दारात एक लॅब्राडोर. या सगळ्यांसाठी गेले काही महिने हीच प्रोफाइल बघून डॉक्टरांना बोलावतो आहोत.

वरच पदवी (बी.व्ही.एस्सी., पुढे प्रजननशास्त्रात एम.व्ही.एस्सी.) आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दिलाय. उपचार गाय, म्हैस, शेळी, कुत्रा आणि मांजरावर. घोडा आणि कोंबड्या बघत नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. ते फार बरं केलं, कारण नको तिथे फोन करण्यात जाणारा वेळ वाचतो.

अनुभवाच्या वर्षांपेक्षा आम्हाला एक ओळ जास्त उपयोगी पडली: ‘गर्भाशयाचा पीळ लोळवून सोडवणे, न सुटल्यास गोठ्यावरच सिझेरियन’. म्हशींत अडलेल्या विण्याचं हे नेहमीचं कारण आहे. दिवस भरलेली म्हैस उठबस करते, कळा देते, पण पाणमोट दिसत नाही. काही तासांनी कळा मंदावतात आणि माणसाला वाटतं, अजून वेळ असेल. इथेच घात होतो, कारण पिळामुळे गर्भाशयाचा रक्तपुरवठा तुटतो आणि वासरू आत मरतं.

आमच्या म्हशीचं असंच झालं. डॉक्टरांनी आत हात घालून पीळ उजवीकडचा असल्याचं ओळखलं. तिला उजव्या कुशीवर पाडलं, पुढचे पाय वेगळे आणि मागचे वेगळे बांधले. पोटावर लांब फळी तिरपी ठेवली, तिचं खालचं टोक जमिनीवर, आणि फळीवर एक माणूस उभा केला. मग म्हैस झटक्यात उजवीकडेच लोळवली. फळीने गर्भाशय जागेवर धरायचं आणि शरीर पिळाच्या दिशेने फिरवून त्याला गाठायचं, असा हा हिशेब आहे. उलट दिशेला लोळवलं तर पीळ वाढतो. प्रत्येक लोळीनंतर पुन्हा हात घालून पाहिलं. तिसऱ्या वेळी पीळ सुटला. या कामाला पाच-सहा माणसं, दोर, फळी आणि मऊ मोकळी जागा लागते. हे प्रोफाइलमध्ये लिहायला हवं, म्हणजे डॉक्टर येईपर्यंत तयारी होईल. पीळ सुटला तरी गर्भाशयाचं तोंड पुरेसं उघडेलच असं नाही, म्हणून सिझेरियनची सोय असणं मोलाचं.

कुत्र्या-मांजरांचा भाग मात्र तोकडा आहे. नुसतं ‘लसीकरण, शस्त्रक्रिया’ लिहिलंय. एक्स-रे आहे का, हाडांची ऑपरेशनं होतात की फक्त नसबंदी, भूल देण्याआधी किती तास उपाशी ठेवायचं, हे फोन करूनच कळतं. रात्रीच्या भेटीचं शुल्क आणि डॉक्टर रजेवर असताना कोणाला बोलवायचं, याचाही उल्लेख नाही. गोठेवाल्यांना पाचपैकी साडेचार, कुत्रा पाळणाऱ्यांना तीन.