साताऱ्यातल्या साताऱ्यात फिरायला जुनी डिझेल घ्यावी की पेट्रोल?

माझ्या चुलतभावासमोर गेल्या महिन्यात दोन गाड्या होत्या. मॉडेल एकच, दोन्ही २०२१ च्या. पेट्रोल साडेसहा लाखांना, डिझेल साडेसात लाखांना. डिझेल फक्त ३१ हजार किलोमीटर चाललेली, म्हणून त्याचा जीव तिच्यावर. "दादा, लाख जास्त गेले तरी डिझेलमध्ये वसूल होतील की!"

त्याचं रोजचं फिरणं शाहूपुरी ते पोवई नाका, मुलीची शाळा, संध्याकाळी राजवाडा. एका वेळी तीन-चार किलोमीटर, महिन्याला तीनशेच्या आसपास.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला, डीपीएफ. त्याआधीच्या बहुतेक डिझेलना तो नव्हता, म्हणून "आमची जुनी डिझेल गावातच दहा वर्षं चालली" हा दाखला इथे लागू होत नाही. हा फिल्टर काजळी साठवतो आणि अधूनमधून स्वतःच जाळतो. त्यासाठी आत साधारण सहाशे अंश उष्णता लागते. हायवेवर धूर मुळातच गरम असतो, काजळी थोडी थोडी जळत राहते. पुरेशी साठली की गाडी जास्तीचं डिझेल उशिरा सोडून फिल्टर तापवते. मेकॅनिक त्याला 'रिजन' म्हणतात. त्याला दहा ते वीस मिनिटं सलग गाडी चालावी लागते.

शाहूपुरीतून पोवई नाक्याला पोचेपर्यंत डिझेल इंजिन धड तापतसुद्धा नाही. गार इंजिनात रिजन सुरूच होत नाही, काजळी मात्र भरत राहते. कधी चुकून सुरू झालं तर पाच मिनिटांत आपण चावी फिरवतो. असं अर्धवट सुटलं की उशिरा सोडलेल्या डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, आणि त्याची झळ टर्बो आणि बेअरिंगला बसते. पेट्रोल गाडीलाही छोट्या फेऱ्या मानवत नाहीत, पण तिथे फार तर ऑइल लवकर बदलावं लागतं, बॅटरी कुरकुरते.

आता हिशोब. वर्षाला ३,६०० किलोमीटर. गावात पेट्रोल १३ चं ॲव्हरेज देईल, डिझेल १६ चं. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर वर्षाला पेट्रोलचे २८,८०० आणि डिझेलचे २०,५०० होतात. वाचले ८,३००. लाखाचा फरक भरून निघायला बारा वर्षं!

"मग पंधरा दिवसांनी हायवेला एक चक्कर मारतो," भाऊ म्हणाला. उपाय बरोबर आहे. पण उंब्रजपर्यंत जाऊन परत यायचं तर सत्तरेक किलोमीटर होतात. वर्षात २६ चकरा, म्हणजे १,८२० किलोमीटर. १८ च्या ॲव्हरेजनंही ९,२०० रुपयांचं डिझेल. वाचवलेले सगळे गेले, वर रविवार गेला. आणि चक्कर चुकली, डॅशबोर्डवर लागलेल्या फिल्टरच्या दिव्याकडे दुर्लक्ष झालं, तर गाडी जोर कमी करते. मग वर्कशॉपमध्ये मशीन लावून फिल्टरमधली काजळी जाळून घ्यावी लागते, ऑइल मुदतीआधी बदलावं लागतं. फिल्टरच बदलायची वेळ आली तर बऱ्याच गाड्यांचा आकडा लाखाच्या घरात जातो. गॅरेजवाला "आतून पोकळ करून देतो" म्हणेल. ते कायद्यात बसत नाही आणि पुढचा घेणारा स्कॅनर लावेल.

तरी हट्टानं आम्ही ती डिझेल पाहायला गेलो. डिपस्टिक पुसून बुडवली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. फडक्यावर डिझेलचा वास. विकणारा म्हणाला, "सर्व्हिसिंगला जास्त भरलंय." असेलही. पण मग चक्कर मारून गाडी बंद केली तर पंखा घोंघावतच राहिला. रिजन मध्येच तुटल्याची ही खूण असू शकते. आम्ही स्कॅनर लावायला सांगितला. फिल्टरमध्ये किती काजळी, शेवटचं रिजन पूर्ण होऊन किती किलोमीटर झाले, किती वेळा अर्धवट राहिलं, हे बऱ्याच गाड्यांत त्यात दिसतं. त्यावर तो टाळाटाळ करू लागला.

एवढ्या कमी किलोमीटरची गाडी इथे फसवते. चार वर्षांत ३१ हजार म्हणजे तीही बहुधा गावातच फिरलेली. त्यापेक्षा पुणे-कोल्हापूर करून ८० हजार झालेल्या डिझेलचा फिल्टर जास्त निरोगी असू शकतो. फक्त तिच्यात राख साठलेली असते आणि ती जळत नाही, त्यामुळे दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढची गाडी घेताना त्याचा खर्च धरूनच भाव करावा.

भाऊ रोज कराडला नोकरीला जात असता तर मीच त्याला डिझेल घ्यायला लावली असती. एका वेळी पन्नास किलोमीटर सलग, फिल्टरला आणखी काय हवं! त्यानं साडेसहाची पेट्रोल सहा वीसला उचलली.