कट्टे मोजायला जेमिनी: सोयाबीनचा हंगाम सरल्यावरचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यात आमचं गोदाम आहे. ट्रकमधून किती कट्टे उतरले, हे मापाडीच्या पावतीशी ताडून बघायला मी दारावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज गूगलच्या जेमिनी २.५ फ्लॅश या एआय मॉडेलला देतो. हंगामभर वापरलं. काम होतं, पण सेटिंग तशीच ठेवली तर पैसे जातात आणि आकडाही चुकतो.

ही सेवा मुळात सेकंदाला एकच फ्रेम उचलते. कॅमेरा २५ फ्रेमचा असला तरी तिला त्याचं काही नाही. कट्टा घेतलेला हमाल आमचं दार दीडेक सेकंदात ओलांडतो, म्हणजे त्याच्या वाट्याला एक नाहीतर दोन फ्रेम. एका फ्रेमवरून तो आत चालला की रिकामा परत येतोय, हे नीट कळत नाही. पाठोपाठ दोघे आले की एकच धरला जातो. आकडा पावतीपेक्षा कमी आला आणि तूट नेमकी गर्दीच्या मिनिटांतली असली, तर दुखणं हेच. विनंतीत `fps` २ केलं की प्रत्येकाच्या तीन फ्रेम मिळतात.

मग खर्च दुप्पट? नाही. पैसे टोकनच्या हिशोबाने लागतात. नेहमीच्या रिझोल्यूशनला एका फ्रेमचे २५८ टोकन पडतात, `MEDIA_RESOLUTION_LOW` ला ६६. चाळीस मिनिटांच्या ट्रकचा हिशोब बघा: मुळातल्या सेटिंगला सुमारे ६ लाख १९ हजार टोकन, २ फ्रेम आणि कमी रिझोल्यूशनला ३ लाख १७ हजार. फ्रेम दुप्पट, खर्च जवळपास निम्मा. आवाजाचे सेकंदाला ३२ टोकन वेगळे लागतात. हमालांची आरडाओरड मोजायला काय कामाची? तो काढून टाकतो.

कमी रिझोल्यूशनला कट्टा पुसट दिसतो, म्हणून आधी फक्त दाराचा भाग कापून घेतो. टोकन तेवढेच, पण चित्रात कट्टा मोठा येतो. आमच्या दारासाठीची कमांड अशी:

```
ffmpeg -i gate.mp4 -vf "crop=640:720:600:200" -an daar.mp4
```

तुकडा मिनिटाचा ठेवतो. दहा मिनिटं एकदम दिली की मोजणी मध्येच घसरते आणि उत्तर संशयास्पद गोल आकड्यात येतं. फार बारीकही करू नका. सूचनेचा मजकूर प्रत्येक तुकड्यासोबत पुन्हा जातो. माझी सूचना २०० टोकनची आहे. मिनिटाला ती किरकोळ, दहा सेकंदांच्या तुकड्याला मात्र चित्राच्या खर्चावर १५ टक्के भर. जोडावरचा हमाल निसटू नये म्हणून तुकडे दोन सेकंद एकमेकांवर चढवतो, प्रत्येक कट्ट्याची वेळ लिहून मागतो आणि दुबार वेळा गाळतो.

एवढं करूनही एक गोष्ट जमत नाही. काही गडी पाठीवर दोन कट्टे घेतात आणि कमी रिझोल्यूशनला ते एकच दिसतात. पावतीशी फरक आला तर त्या मिनिटापुरतं फुटेज नेहमीच्या रिझोल्यूशनला परत पाठवतो. ट्रकचा नंबर तर व्हिडिओतून वाचायचाच नाही. फाटकावरचा एक स्थिर फोटो द्यावा.