एकच तांदूळ, तीन डबे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्टील, काच की प्लास्टिक, या वादात पडण्याआधी मी तिन्ही घेऊन बसले. त्याला आता आठ महिने झाले. आधी थेट तांदळाचंच सांगते, कारण माझा सगळा समज तिथेच उलटा झाला.

एकाच पोत्यातला सहा किलो तांदूळ मी एकाच दिवशी तीन ठिकाणी भरला. दोन किलो स्टीलच्या डब्यात, दोन रबरी रिंग असलेल्या काचेच्या बरणीत आणि दोन आट्याच्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत. पाचव्या आठवड्यात स्टीलमध्ये टोके दिसले. “बघ, सांगत होते ना, झाकण सैल आहे,” असं सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. पण चारच दिवसांनी काचेच्या बरणीतही दोन टोके आतून भिंतीवर चढताना दिसले. तिची रिंग इतकी घट्ट की उघडताना फस्स आवाज येतो. मग प्लास्टिकची बरणी ताटात पालथी केली, त्यातही निघाले.

म्हणजे ते बाहेरून आलेच नव्हते. टोक्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि ते भोक लिंपून टाकते. आळी दाण्याच्या आतच वाढते, त्यामुळे पाखडून, निवडून काहीच दिसत नाही. उबदार हवेत अंड्यापासून टोका बाहेर पडेपर्यंत महिनाभर जातो. माझे पाच आठवडे नेमके त्यातच बसतात. कडुलिंबाचा पाला घालूनही पाहिला होता, पण दाण्याच्या आत बसलेल्या आळीला पाल्याचं काय!

त्यानंतरचा तांदूळ आणला तो एकेक किलोच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये उणे अठराला चार दिवस ठेवला. एकदम मोठी पिशवी ठेवली तर मधला भाग गार व्हायलाच वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवायची, रात्रभर. पहिल्यांदा मी लगेच फोडली, तर गार दाण्यांवर हवेतली वाफ धरली आणि तांदूळ हाताला ओलसर लागायला लागला. तो पंख्याखाली पसरून वाळवत बसावं लागलं. या खेपेचा तांदूळ त्याच तीन डब्यांत तीन महिने राहिला आणि तिन्हींत एकही टोका नाही.

मग डब्याचं काम काय? शेजारच्या किड्याला आत येऊ न देणं आणि दमटपणा अडवणं. इथे मात्र फरक पडतो. स्टीलचा डबा मी अंधारात तपासला. पेटती बॅटरी आत ठेवून झाकण लावलं, तर एका बाजूने प्रकाशाची बारीक चंद्रकोर दिसली. डबा कधीतरी आपटून काठ दबला होता. पिठातल्या लाल किड्याला तेवढी फट पुरते. काच आणि प्लास्टिक मी थोडं पाणी घालून उलटं धरून पाहिलं. प्लास्टिकची बरणी सुरुवातीला ठिबकली नाही, पण सहा महिन्यांनी ठिबकली. झाकणाच्या आट्यांत पीठ साचून घट्ट बसलं होतं. जुन्या टूथब्रशने ते काढल्यावर पुन्हा नीट बंद झाली. तेच साचलेलं पीठ किड्यांचं खाणंही असतं, म्हणून डबा धुताना आटे आणि रिंगेची खाच आधी.

पिठाच्या बाबतीत माझी खरी चूक जागेची झाली. डबा शेगडीजवळ होता. स्टील पटकन तापतं आणि पटकन गार होतं. दिवसा पिठातला ओलावा वाफ होऊन वर यायचा, रात्री गार झाकणाला धरायचा. महिनाभरात वरच्या थरात गुठळ्या आणि कोंदट वास. तोच डबा उलट्या बाजूच्या कपाटात हलवला, तेव्हापासून गुठळी नाही. कोंड्यासकटचं पीठ मात्र कितीही घट्ट डब्यात असलं तरी त्यातल्या तेलामुळे काही आठवड्यांत खवट होऊ लागतं, त्यामुळे ते मी थोडंथोडंच आणते. नवीन पीठ जुन्यावर ओतणंही सोडलं. तळाशी उरलेल्या मूठभरात एक आळी असली तरी सगळं जाळं धरतं.

अख्ख्या मुगासाठी काच. मुगाच्या भुंग्याची अंडी दाण्यावर बाहेरूनच चिकटलेली असतात, खसखशीहून लहान पांढरे ठिपके. बरणी उजेडात फिरवली की दिसतात, गोल भोक पडायच्या आत. एकदा तसे ठिपके दिसले तेव्हा सगळी बरणी तशीच उचलून फ्रीझरमध्ये ठेवली होती. डाळीला हा त्रास कमी, ती स्टीलमध्ये चांगली राहते.

आता पिठाला स्टील, तांदळाला प्लास्टिक, मुगाला काच. काचेची तांदळाची बरणी भरली की इतकी जड होते की वरच्या फळीवरून मी ती एकदाच उतरवली.