येणी, साठा की देणी : अडकलेले ३० लाख कोठून सोडवावेत?

व्यवसायात अडकलेली काही रोकड मोकळी करायची, असे एकदा ठरले की तीन वाटा समोर येतात. ग्राहकांकडून वसुली लवकर करता येते, मालसाठा कमी करता येतो किंवा पुरवठादारांना उशिरा पैसे देता येतात. या तिन्ही वाटा रोख परिवर्तन चक्र, म्हणजे मालासाठी पैसे दिल्यापासून ग्राहकाकडून ते परत येईपर्यंतचे दिवस, लहान करतात आणि म्हणूनच त्या एकसारख्या वाटतात. एकाच उदाहरणावर त्या शेजारी शेजारी मांडून पाहिल्यास मात्र, चक्र ज्या वाटेने सर्वांत जास्त आखडते तीच रोखतेच्या दृष्टीने सर्वांत कच्ची ठरू शकते, हे दिसून येते.

एक काल्पनिक उत्पादक संस्था घेऊ. चलन कोणतेही धरावे. आकडे लाखांत आहेत. वार्षिक विक्री ७३० लाख, विकलेल्या मालाचा उत्पादन खर्च ५४७.५ लाख आणि कच्च्या मालाची खरेदी ३६५ लाख आहे. विक्री आणि खरेदी दोन्ही उधारीवर चालतात. ताळेबंदात ग्राहकांकडील येणी १२० लाख, मालसाठा ११२.५ लाख आणि पुरवठादारांची देणी ४५ लाख आहेत. येण्यांना रोजच्या विक्रीने, म्हणजे २ लाखांनी भागले की ६० दिवस येतात. साठ्याला रोजच्या उत्पादन खर्चाने, म्हणजे १.५ लाखाने भागले की ७५ दिवस; आणि देण्यांना रोजच्या खरेदीने, म्हणजे १ लाखाने भागले की ४५ दिवस. ६० अधिक ७५ वजा ४५ म्हणजे ९० दिवसांचे चक्र झाले.

या बेरजेत एक गोष्ट झाकली जाते. येण्यांचा एक दिवस २ लाखांचा, साठ्याचा १.५ लाखाचा, तर देण्यांचा अवघ्या १ लाखाचा आहे. तिन्हींचे भाजक वेगळे असल्यामुळे दिवसांची बेरीज करता येत असली, तरी त्या बेरजेवरून अडकलेली रक्कम काढता येत नाही. ती रक्कम थेट ताळेबंदातून काढावी लागते: १२० अधिक ११२.५ वजा ४५, म्हणजे १८७.५ लाख. काही विश्लेषक देणी दिवस काढतानाही उत्पादन खर्चच भाजक म्हणून घेतात. तसे केल्यास देणी ३० दिवसांची आणि चक्र १०५ दिवसांचे होते, पण व्यवसायात काडीचाही फरक पडलेला नसतो. म्हणून दोन संस्थांच्या चक्रांची तुलना करण्याआधी भाजक कोणता घेतला आहे ते विचारावे.

आता ३० लाख मोकळे करायचे आहेत. संस्थेकडे १० लाख रोख आहे आणि बँकेचे अल्पमुदतीचे कर्ज १०० लाख आहे. सुटलेल्या पैशातून कर्जच फेडायचे, असे धरले आहे. तक्त्यातले चालू गुणोत्तर म्हणजे रोख, येणी आणि साठा यांच्या बेरजेला देणी आणि अल्पमुदतीच्या कर्जाच्या बेरजेने भागून येणारा आकडा; द्रुत गुणोत्तरात साठा वगळतात.

| वाट | बदल | नवे चक्र | चालू गुणोत्तर | द्रुत गुणोत्तर |
|---|---|---|---|---|
| सध्याची स्थिती | – | ९० दिवस | १.६७ | ०.९० |
| वसुली लवकर | येणी ६० वरून ४५ दिवस | ७५ दिवस | १.८५ | ०.८७ |
| साठ्यात कपात | साठा ७५ वरून ५५ दिवस | ७० दिवस | १.८५ | १.१३ |
| देणी लांबवणे | देणी ४५ वरून ७५ दिवस | ६० दिवस | १.६७ | ०.९० |

तिन्ही ओळींत सुटलेली रक्कम तेवढीच आहे. तरीही देणी लांबवल्यावर चक्र ३० दिवसांनी घटते आणि वसुली सुधारल्यावर फक्त १५ दिवसांनी. देणी लांबवण्याच्या वाटेत दोन्ही गुणोत्तरे जागची हलत नाहीत, कारण तेथे बँकेचे देणे जाऊन पुरवठादाराचे देणे आले आहे. व्यवस्थापकाचे मूल्यमापन केवळ चक्राच्या दिवसांवर होत असेल, तर तो कोणती वाट धरेल हे सांगायला नको.

पहिल्या वाटेचा नेहमीचा उपाय म्हणजे रोख सूट. ६० दिवसांच्या उधारीऐवजी १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट, अशी अट ठेवली आणि विक्रीतील ३० टक्के रकमेचे ग्राहक तिला तयार झाले, तर सरासरी येणी बरोबर ४५ दिवसांवर येतात. सुटीचा वार्षिक खर्च ७३० लाखांच्या ३० टक्क्यांवर २ टक्के, म्हणजे ४.३८ लाख होतो. बँकेचा व्याजदर ११ टक्के असल्यास ३० लाखांवर ३.३ लाखांचे व्याज वाचते. म्हणजे हिशेब आधीच तोट्यात आहे, आणि प्रत्यक्षात तो आणखी बिघडतो. सूट घ्यायला सर्वांत आधी पुढे येतात ते वेळेवर किंवा वेळेआधी पैसे देणारे ग्राहक. रखडवणारे बहुधा रखडवतच राहतात. सूट घेणारे हे ग्राहक पूर्वीच सरासरी ३५ दिवसांत पैसे देत असतील, तर येणी सुमारे साडेसात दिवसांनीच घटतात आणि ३० ऐवजी १५ लाख सुटतात, खर्च मात्र तेवढाच राहतो. हा पैसा वर्षाला २९ टक्क्यांहून अधिक दराने पडला.

म्हणून सूट जाहीर करण्याआधी येण्यांची वयवार यादी, म्हणजे कोणती रक्कम किती दिवसांपासून येणे आहे याची यादी, काढावी. बीजक माल रवाना झाल्यावर आठवडाभराने जाते का, दरातल्या किंवा वजनातल्या तक्रारीमुळे किती रक्कम थांबली आहे, मुदत उलटल्यावर पहिला फोन कितव्या दिवशी होतो, या तीन प्रश्नांतून बऱ्याचदा सुटीशिवायच काही दिवस हाती लागतात. माझ्या मते तिन्ही वाटांतला सर्वांत स्वस्त पैसा हाच आहे.

साठ्याच्या कपातीत दोन अडचणी असतात, आणि पहिली वेळेची आहे. साठा घटतो तो खरेदी काही काळ कमी केल्याने. पण आज न केलेल्या खरेदीचे पैसे एरवीही ४५ दिवसांनीच द्यायचे होते. त्यामुळे साठा दिसायला लगेच उतरतो, देणीही त्याबरोबर तात्पुरती उतरतात आणि रोकड सुमारे दीड महिन्याने हाती लागते. तयार मालाचा साठा कमी केला, तर त्याच्या पुस्तकी किमतीत मिसळलेला स्थिर खर्चाचा भाग सुटतच नाही, कारण कारखान्याचे भाडे आणि पगार उत्पादन कमी झाले तरी द्यावेच लागतात. पुस्तकातले ३० लाख घटले म्हणजे बँकेत ३० लाख आले, असे यामुळे म्हणता येत नाही. पडून राहिलेला माल निर्लेखित करूनही, म्हणजे त्याची किंमत पुस्तकातून काढून टाकूनही, साठा दिवस छान घटतात, पण त्यातून रोकड येत नाही.

दुसरी अडचण तुटवड्याची. साठा बाळगण्याचा वार्षिक खर्च व्याज ११ टक्के आणि गोदाम, विमा, खराबी मिळून ७ टक्के धरला, तर ३० लाखांवर ५.४ लाख वाचतात. विक्रीतून बदलता खर्च वजा जाता ४० टक्के उरत असतील, तर वर्षाला १३.५ लाखांची, म्हणजे एकूण विक्रीच्या १.८५ टक्के विक्री माल नसल्यामुळे हुकली की ही बचत संपते. ही मर्यादा अरुंद आहे. कपात सरसकट केल्यास ती सहज ओलांडली जाते. मंद खपाच्या वस्तूंपुरती ठेवल्यास सहसा नाही. तातडीच्या खरेदीचा वाहतूक खर्च आणि मागण्यांची अर्धवट रवानगी वाढू लागली, की कपात हाडापर्यंत गेली असे समजावे.

तिसरी वाट सर्वांत सोपी, कारण तिच्यासाठी काहीच करावे लागत नाही; फक्त पैसे द्यायचे थांबवायचे. ३० लाखांवर वाचणारे व्याज ३.३ लाख आहे, आणि ३६५ लाखांच्या खरेदीवर पुरवठादारांनी जेमतेम ०.९ टक्का दर वाढवला की ते संपते. ही वाढ स्वतंत्र खर्च म्हणून कोठेच दिसत नाही, ती कच्च्या मालाच्या किमतीत मुरते. रोखतेचा धोका त्याहून गंभीर आहे. पुरवठादारांच्या उधारीमागे बहुधा निश्चित मर्यादेचा करार नसतो. त्यांचा विश्वास उडाला तर ते नवा माल आगाऊ पैशांवरच देतात, जुनी बिलेही मागतात आणि तेव्हा ४५ ऐवजी ७५ लाख उभे करावे लागतात. माल तुकड्या-तुकड्यांत येणे आणि पूर्वी न मागितलेली हमी मागितली जाणे, ही त्याची आधीची लक्षणे.

मुदत लांबवण्याचा भार पुरवठादारावर पडू नये म्हणून बँक त्याला लवकर पैसे देते आणि खरेदीदार बँकेला नंतर देतो, अशी पुरवठादार-वित्त व्यवस्था काही मोठ्या संस्था वापरतात. जानेवारी २०१८ मध्ये कोसळलेल्या कॅरिलियन या ब्रिटिश बांधकाम संस्थेने ती वापरली होती, आणि बँकेला द्यायची ही रक्कम कर्जात न दाखवता इतर देण्यांत दाखवल्याबद्दल पुढे तीव्र टीका झाली. आंतरराष्ट्रीय लेखांकन मानक ७ मधील दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी अशा व्यवस्थांची माहिती देणे बंधनकारक आहे. एखाद्या संस्थेचे देणी दिवस एकाएकी वाढलेले दिसले, तर ही माहिती देणारी टीप आधी वाचावी.

शेवटचा मुद्दा बँकेच्या उचल मर्यादेचा, म्हणजे तारणावर जास्तीत जास्त किती कर्ज उचलता येते याचा. अल्पमुदतीचे कर्ज येणी आणि साठ्याच्या तारणावर असेल आणि बँक २५ टक्के मार्जिन ठेवून तारणाच्या ७५ टक्केच कर्ज देत असेल, तर ३० लाखांचे तारण घटताच मर्यादा २२.५ लाखांनी खाली येते. कर्ज ३० लाखांनी फिटले, तरी गरजेच्या वेळी उचलता येणारी रक्कम फक्त ७.५ लाखांनी वाढते. पण ठरावीक मुदतीपेक्षा जुनी येणी आणि न हलणारा साठा बँका बहुधा तारणात धरतच नाहीत. तेथून सुटलेला प्रत्येक रुपया, डॉलर किंवा जे चलन असेल ते, पूर्णपणे नवी रोखता असते.

निवडीचा क्रम यातूनच ठरतो. आधी मुदत उलटलेली येणी, मग न हलणारा कच्चा माल, आणि एवढ्याने रक्कम पुरी झाली नाही तरच सूट, तीही रखडवणाऱ्या मोजक्या ग्राहकांशी वेगळी बोलून. पुरवठादाराची मुदत लेखी करारानेच वाढवावी. संस्थेचे धोरण आधीच आक्रमक असेल, म्हणजे वर्षभर कायम लागणारे खेळते भांडवलही ती अल्पमुदतीच्या कर्जावर चालवत असेल, तर या कामात देण्यांना हात लावू नये. कारण बँक आणि पुरवठादार दोघेही एकाच वाईट बातमीने एकाच आठवड्यात मागे हटतात. दीर्घमुदतीच्या पैशावर चालणाऱ्या आणि न वापरलेली उचल मर्यादा राखून असलेल्या संस्थेला मात्र हंगामापुरते, ठरवून वाढवलेले देणी दिवस परवडू शकतात.